‘भ’चा ‘म’ होऊ नये म्हणून: एका रहस्यकादंबरीच्या शीर्षकाचा फॉन्ट निवडताना

कादंबरीचं नाव ‘भरतीची वेळ’. रत्नागिरीजवळच्या एका खाडीत प्रेत सापडतं आणि ते नेमकं कुठून वाहत आलं हे बंदर खात्यातला एक निवृत्त माणूस भरती-ओहोटीच्या वेळांवरून शोधून काढतो. लेखकही त्याच खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं हे पहिलंच पुस्तक. आधी किंडलवर ई-पुस्तक आणायचं, मागणी दिसली तर थोड्या प्रती छापायच्या, असं त्यांचं ठरलं होतं. मुखपृष्ठाचं काम माझ्याकडे आलं. चित्र लवकर ठरलं: काळपट निळं पाणी, चिखलात रुतलेली एक होडी, बाकी काही नाही. खरा वेळ गेला तो शीर्षकाच्या अक्षरांवर, आणि त्या निवडीतून मला जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं, कारण देवनागरीसाठी हे असं मांडलेलं मला कुठे सापडलं नव्हतं.

किंडलसाठी मुखपृष्ठाची आदर्श लांबी-रुंदी २५६० बाय १६०० पिक्सेल. मी त्याच मापावर काम करते. पण वाचक ते चित्र त्या मापाचं कधी बघतच नाही. तो फोनवर ‘मराठी रहस्यकथा’ असं काहीतरी शोधतो आणि त्याच्यासमोर चित्रांची रांग येते. माझ्या फोनवर त्या रांगेतलं एक मुखपृष्ठ पट्टीने मोजलं तर रुंदी भरली साधारण सोळा मिलिमीटर. तपासणीसाठी तेवढं चित्र मी १०० पिक्सेल रुंद धरते. म्हणजे १६०० चं झालं १००, सोळावा भाग. मी मुखपृष्ठावर सोळा पिक्सेल जाडीची रेघ काढली तर तिथे ती एक पिक्सेलची उरते.

पुष्कळ जण म्हणतात की आजकालच्या फोनच्या पडद्यावर पिक्सेल भरपूर असतात, मग काळजी कशाला? पिक्सेल असतात हे खरं, पण मिलिमीटर वाढत नाहीत. हातभर अंतरावर धरलेल्या फोनवर दीड-दोन मिलिमीटर उंचीचं अक्षर डोळ्याला तेवढंच दिसतं, ते कितीही स्पष्ट छापलेलं असो. शिवाय दुकान मूळ चित्र आकसून, दाबून, हलकं करून पाठवतं, त्यात कडा आणखी मऊ होतात. म्हणून मी दोन्ही बाजू तपासते: १०० पिक्सेलची छोटी प्रत संगणकावर मोठी न करता, आणि तीच खऱ्या फोनवर, खऱ्या अंतरावर. छोटी प्रत काढायला मी इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची ही एक ओळ वापरते:

```
magick cover.png -resize 100x160 -sampling-factor 4:2:0 -quality 70 thumb.jpg
```

मुद्दाम कमी दर्जा ठेवते. इथे टिकलं तर दुकानात टिकेल.

लेखकाच्या मनातलं शीर्षक वेगळं होतं. त्यांच्या लहानपणी वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर हाताने काढलेली, तिरकी, टोकदार, खाली ओघळणारी अक्षरं असत. ‘‘तसं काहीतरी करा,’’ ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, त्या अक्षरांना चेहरा होता. पण ती पुस्तकं वाचनालयाच्या मांडणीवर फूटभर अंतरावरून बघायची होती. मी त्यांना दुसरा दाखला दिला, कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेल्या अक्षरांचा. एकेका स्तंभाच्या रुंदीत, भरड कागदावर, शाई पसरणाऱ्या छपाईत ती नावं वाचली जात असत. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांत उतरायचा, पण अक्षराचा सांगाडा कधी मोडायचा नाही. आपल्याला हवंय ते त्या जातीचं, असं मी म्हटलं आणि लेखकांनी, मी त्यांना काका म्हणते, ते मान्य केलं. ओघळणारं रक्त तिथेच संपलं. तसंही अक्षराखालचे ते ओघळ सोळाव्या भागात गेले की उकारासारखे दिसतात, आणि देवनागरीत अक्षराखाली आलेल्या कुठल्याही खुणेला अर्थ असतो.

मग मी मुक्त परवान्याचे फॉन्ट समोर घेतले. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट मुखपृष्ठावर वापरायला वेगळे पैसे किंवा परवानगी लागत नाही, आणि शीर्षकाची अक्षरं बाह्यरेषांमध्ये बदलून त्यांत फेरफारही करता येतो. ही मोकळीक पुढे फार उपयोगी पडली.

पहिल्यांदा बघितला रोझा वन. मोठ्या मापाला देखणा. जाड भाग अतिशय जाड, बारीक भाग केसासारखे, रात्रीच्या गोष्टीला शोभणारं नाट्य त्यात आहे. पण छोट्या प्रतीत ते बारीक भाग नाहीसे झाले. आणि देवनागरीत बारीक भाग बऱ्याचदा जोडणीचे असतात. ‘भ’ची गाठ उभ्या दांड्याला जिथे मिळते ती आडवी रेघ गेली की अक्षराचे दोन तुकडे पडतात. यात्रा वनमध्ये, जो मुंबईच्या लोकलच्या हातरंगीत पाट्यांवरून सुचलेला फॉन्ट आहे, हा त्रास कमी होता. तो मला मनापासून आवडतो. पण त्याच्या कुंच्याच्या वळणात एक प्रसन्नपणा आहे, आणि प्रेताच्या गोष्टीवर तो बसल्यावर पुस्तक प्रवासवर्णन वाटायला लागलं. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ मी फक्त कुतूहल म्हणून लावून पाहिला. त्यात अक्षरातल्या पोकळ्या जवळजवळ मिटून नुसत्या चिरा उरतात, हेच त्याचं सौंदर्य. छोट्या मापाला त्या चिराही बुजल्या.

तेको आणि खंड हे दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे. चौकोनी बांध्याचे, अरुंद, मथळ्यांसाठी घडवलेले. इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांवर जी दाटीवाटीची उभट अक्षरं दिसतात त्यांच्या जवळचं देवनागरीत काही शोधायला गेलं की हात इथेच पोचतो. मीही तिथे बराच काळ थांबले. आणि तिथेच मला या शीर्षकाची खरी अडचण दिसली.

‘भरतीची’ हा शब्द बघा. ‘भ’ला एक उभा दांडा, ‘त’ला एक, त्याच्या वेलांटीला एक, ‘च’ला एक, त्याच्या वेलांटीला एक. ‘र’ सोडला तर पाच उभे दांडे एका शब्दात. रोमन लिपीत उभट अक्षर दाबलं तरी गोल आणि तिरके आकार मध्ये मध्ये येत राहतात. इथे फॉन्ट जितका अरुंद करावा तितके हे दांडे एकमेकांजवळ येतात आणि लहान आकारात कुंपणाच्या गजांसारखे दिसायला लागतात. त्यात ‘त’चा दांडा आणि लगेच मागून येणारा वेलांटीचा दांडा यांच्यामधली पांढरी जागा सर्वात अरुंद. मी ती मोजली. सर्वात दाट मांडणीत ती मुखपृष्ठावर वीस पिक्सेलच्या आसपास होती, म्हणजे छोट्या प्रतीत सव्वा पिक्सेल. ती राखाडी होऊन मिटून जात होती आणि दोन दांड्यांचा एक जाड दांडा होत होता. हाताशी आलेला निकष असा: दोन दांड्यांमधली मोकळी जागा मुखपृष्ठावर निदान बत्तीस पिक्सेल हवी, म्हणजे तिथे दोन उरतात. दोन पिक्सेलची पांढरी जागा डोळ्याला पांढरी दिसते, एकाची दिसत नाही.

यानंतर माझं फॉन्टकडे बघणंच बदललं. तोवर मी अक्षर किती जाड आहे ते बघत होते. आता अक्षरातल्या आणि अक्षरांमधल्या मोकळ्या जागा बघायला लागले, आणि त्याही सगळ्या वर्णमालेतल्या नव्हेत, फक्त या सहा अक्षरांमधल्या. नमुन्याच्या वाक्यात फॉन्ट कसा दिसतो याचा इथे काही उपयोग नाही. ‘भ’, ‘र’, ‘ती’, ‘ची’, ‘वे’, ‘ळ’ एवढंच खरं.

अरुंदपणा आणि जाडी दोन्ही हवे तसे कमीजास्त करता यावेत म्हणून मी ‘अनेक देवनागरी’ या फॉन्टकडे आले. हाही ‘एक टाइप’चाच, २०२२ मध्ये आलेला, व्हेरिएबल प्रकारचा. त्याची जाडी १०० पासून ८०० पर्यंत आणि रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत, मधल्या कुठल्याही आकड्यावर ठेवता येते. इंकस्केप या आरेखनाच्या प्रोग्रॅममध्ये या दोन्हींच्या सरकपट्ट्या मिळतात. बांधा साधा, रेघांची जाडी जवळपास सारखी, बारीक होऊन हरवणारा भाग नाही. नाट्य कमी आहे हे कबूल. पण शीर्षकाला नाट्य रचनेतूनही देता येतं, आणि न वाचता आलेल्या नाटकाचा काही उपयोग नाही.

साहजिकच सुरुवात ८०० जाडी आणि ७५ रुंदीपासून केली, कारण लहान आकारात जाड अक्षर जास्त दिसतं अशी सर्वसाधारण समजूत. ती छोटी प्रत फोनवर टाकली आणि लोकांना दाखवली. कशासाठी ते सांगितलं नाही. फोन हातभर लांब धरून दोन-एक सेकंद दाखवायचा, मग पडदा खाली करून विचारायचं, काय लिहिलं होतं? आमच्या खालच्या औषधाच्या दुकानातल्या दादांनी लगेच सांगितलं, ‘‘मरतीची वेळ.’’ आत्याने वाचलं, ‘‘मरती... मरणाची वेळ का गं?’’ शेजारच्या शाळकरी मुलीनेही ‘म’च वाचला.

कारण मोठं करून बघितल्यावर दिसतं. ‘भ’ आणि ‘म’ यांचा खालचा भाग जवळजवळ एकच: डावीकडे गाठ, आडवी रेघ, उजवीकडे दांडा. फरक सगळा वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. ‘म’वर शिरोरेषा सलग जाते. ‘भ’मध्ये डावीकडे एक वळलेला आकडा, मग एक फट, मग दांड्यावरची रेघ. ती फट म्हणजेच ‘भ’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ यांचंही असंच. अक्षर जाड केलं की आकडा आणि रेघ दोन्ही फुगतात आणि फट सर्वात आधी मिटते. म्हणजे जाडी वाढवून मी अक्षर ठळक करत होते आणि त्याच वेळी त्याचं नाव बदलत होते.

दुसरीही गल्लत होण्यासारखी होती. ‘वे’मधली पोकळी भरली तर ‘व’ की ‘ब’ हे सांगता येत नाही. पण तिची मी फार काळजी केली नाही. ‘बेळ’ असा शब्द नाही, वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून ‘वेळ’च वाचतो, आणि सगळ्यांनी तो तसा वाचलाही. ‘मरती’चं तसं नाही. रहस्यकथेवर मरणाचा शब्द वाचणाऱ्याला अपेक्षितच असतो, म्हणून डोळा चुकीच्या बाजूला आनंदाने जातो. ज्या गल्लतीतून अर्थ निघतो तीच धोक्याची. पुढे कोणी ते पुस्तक नावाने शोधायला गेलं तर त्याला सापडणार नाही, हा तर सरळ तोटा.

मी जाडी उतरवत आले. ८०० वरून ७०० वर फट दिसायला लागली. अजून एक गोष्ट जमेला धरायची होती: गडद पार्श्वभूमीवरचं फिकं अक्षर डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड दिसतं. आमचं शीर्षक निळ्या-काळ्या पाण्यावर येणार होतं. म्हणून पांढऱ्यावर काळं लावून ठरवलेली जाडी इथे जास्त होते. शेवटी ६६० च्या आसपास हात थांबला. रुंदी ७५ वरून वाढवत ९२ केली, तेव्हा ‘त’ आणि वेलांटी यांच्यातली जागा बत्तीसच्या पुढे गेली.

आता जाडी कमी झाली, मग शीर्षक फिकं पडणार नाही का? पडलं असतं, म्हणून ते मोठं करायला हवं होतं, आणि ओळ मोडणं हा त्याचा मार्ग. एका ओळीत ‘भरतीची वेळ’ मुखपृष्ठाच्या रुंदीत बसवलं की शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची साधारण एकशेऐंशी पिक्सेल मिळत होती, छोट्या प्रतीत अकरा. फोनवर ते पावणेदोन मिलिमीटर. दोन ओळी केल्या की रुंदी फक्त ‘भरतीची’ने ठरते, आणि तीच उंची दोनशेऐंशीच्या पुढे जाते, छोट्या प्रतीत साडेसतरा-अठरा. दीडपटीहून अधिक. फटी आणि पोकळ्याही त्याच प्रमाणात उघडल्या. फॉन्ट बदलून कधी एवढा फरक पडला नव्हता.

देवनागरीत दोन ओळी जवळ आणणं सोपं नसतं. वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार. म्हणूनच देवनागरी फॉन्टमध्ये ओळींमधलं मूळ अंतर ऐसपैस ठेवलेलं असतं, आणि शीर्षक तसंच सोडलं तर दोन ओळी दोन वेगळी वाक्यं वाटतात. पण इथेही सामान्य नियमापेक्षा आपलं शीर्षक बघावं. ‘भरतीची’मध्ये खाली लोंबणारं काहीच नाही, एकही उकार नाही. ‘वेळ’मध्ये वर फक्त एक मात्रा आहे. म्हणून दुसरी ओळ मी इतकी वर आणू शकले की ‘वे’ची मात्रा पहिल्या ओळीतल्या अक्षरांच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. ‘वेळ’ थोडी उजवीकडे सरकवली आणि मात्रेचं टोक नेमकं ‘र’ आणि ‘त’ यांच्या मधल्या खोबणीत आणलं. शब्दांचा एक घट्ट ठोकळा झाला. लहान आकारात डोळा आधी ठोकळा पकडतो, अक्षरं मग वाचतो. ‘बुडालेला सूर्य’सारखं शीर्षक असतं तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांवर आदळण्याची भीती असती आणि हा मार्ग बंद झाला असता.

रचना बघून काकांना एक कल्पना सुचली, आणि ती चांगली होती. ‘‘शिरोरेषा म्हणजे भरतीची रेघच की! ती दोन्ही बाजूंनी पानाच्या कडेपर्यंत न्या ना.’’ पाण्याची पातळी आणि शिरोरेषा एक. मला ती इतकी आवडली की मी लगेच करून पाहिली. मोठ्या मापाला अंगावर येणारी रचना झाली. छोट्या प्रतीत तिने दोन ठिकाणी दगा दिला. पहिलं ठिकाण तेच, ‘भ’. रेघ डावीकडे न्यायची तर ती ‘भ’च्या आकड्यावरून आणि फटीवरून जाते, आणि ज्या फटीसाठी एवढा खटाटोप केला ती झाकून पुन्हा ‘म’ तयार करते. दुसरं, खालच्या ओळीची शिरोरेषा लांब केली की ती ‘वेळ’ची रेघ न वाटता ‘भरतीची’खालची अधोरेखा वाटते. मग ‘वेळ’ वेगळाच काही मजकूर होऊन खाली लटकतो.

मी ती कल्पना सोडली नाही, अर्धी ठेवली. पहिल्या ओळीची शिरोरेषा फक्त उजवीकडे, ‘ची’च्या दांड्यापासून पुढे, मुखपृष्ठाच्या कडेपर्यंत गेली. मुखपृष्ठाच्या रुंदीत तिथे फार जागा उरत नाही, पण कडेला भिडलेली रेघ सोळा मिलिमीटरातही कळते. डावीकडचा ‘भ’ मोकळा राहिला. उलट, उजवीकडे रेघ कडेपर्यंत आणि डावीकडे अचानक तुटलेली, यामुळे ‘भ’ची फट आणखी नजरेत भरायला लागली. काकांना दोन्ही बाजू हव्या होत्या. मी त्यांच्यासमोर दोन्ही छोट्या प्रती ठेवल्या, त्यांनी चष्मा काढून फोन लांब धरला आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे, एका बाजूने ओहोटी.’’

वेलांट्या राहिल्या होत्या. ‘ती’ आणि ‘ची’ यांच्या डोक्यावरचे दोन पाठोपाठचे आकडे हाच या शब्दाचा ताल आहे. पण वेलांटीचा गोल शिरोरेषेला फार जवळ असला तर त्यातली पोकळी भरते आणि वेलांटी नुसत्या गाठीसारखी दिसते. मग ‘ती’ आणि ‘ता’ यांच्यात ओळखायला काही उरत नाही. इथे मी फॉन्टवर अवलंबून राहिले नाही. शीर्षक बाह्यरेषांमध्ये बदललं आणि दोन्ही वेलांट्यांचा माथा थोडा वर ओढला, पोकळी उंच केली. त्याच वेळी ‘भ’चा आकडा किंचित डावीकडे वळवून फट आणखी आठ-दहा पिक्सेलनी रुंद केली. मोठ्या मापाला हा फेरफार कोणाच्या लक्षात येत नाही, मला माहीत आहे म्हणून मला दिसतो. बाह्यरेषांमध्ये बदलण्याआधी मजकूर असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी, कारण त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते, कारण रंग ठरल्याशिवाय फॉन्टची परीक्षा पुरी होत नाही. रहस्यकथा म्हणून शीर्षक गडद लाल असावं असं आधी वाटत होतं. गडद लाल, #8B0000 सारखा, काळ्यावर ठेवला तर उजळपणाचं प्रमाण जेमतेम दोनास एक भरतं. वाचायच्या मजकुराला साडेचारास एक तरी असावं असा वेबवरचा नेहमीचा संकेत आहे. शिवाय दाबलेल्या जेपेग चित्रात रंगाची माहिती उजळपणापेक्षा निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लाल-काळ्याची कड पांढऱ्या-काळ्यापेक्षा जास्त विस्कटते. तोच फॉन्ट, तीच जाडी, पण लालात ‘भ’ची फट पुन्हा धूसर झाली. शीर्षक आम्ही जुन्या कागदाच्या रंगाचं केलं, #F2E6C9, खाली #10202B. प्रमाण सुमारे तेरास एक. लाल फक्त होडीच्या एका पट्ट्यावर राहिला.

लेखकाचं नाव तळाशी, ‘वेळ’च्या जाडीच्या मानाने फारच बारीक. सोळा मिलिमीटरात ते वाचता येत नाही आणि मी ते मुद्दाम तसं ठेवलं. पहिल्या पुस्तकाचा लेखक नावाने शोधला जात नाही. छोट्या चित्राशेजारी दुकान लेखकाचं नाव स्वतःच छापतं. ‘थरारक रहस्यकादंबरी’ ही ओळ तर मुखपृष्ठावरून काढलीच. ती तिथे वाचता आली नसती आणि शीर्षकाला लागणारी जागा खात होती.

मग शेवटची परीक्षा. एकटं मुखपृष्ठ पांढऱ्या पानावर ठेवून बघणं पुरेसं नाही, वाचक ते शेजाऱ्यांसोबत बघतो. दुकानातल्या रहस्यकथांच्या रांगेचं फोनवर चित्र घेतलं, त्यातल्या एका मुखपृष्ठाच्या जागी आमचं चिकटवलं आणि ते चित्र पुन्हा नव्या लोकांना दाखवलं, आधीच्यांना नाही, कारण त्यांना उत्तर माहीत झालं होतं. या वेळी प्रश्न दोन विचारले: यातलं खाडीचं पुस्तक कोणतं, आणि त्याचं नाव काय. ‘भरतीची वेळ’ हेच उत्तर आलं. एका काकूंनी ‘भरतीची’ नंतर जरा थांबून विचारलं, ‘‘नोकरभरती का?’’ तो प्रश्न फॉन्टने सुटणारा नव्हता. खालच्या पाण्याचा उजेड थोडा वाढवला, म्हणजे समुद्र लगेच कळेल.

छापील आवृत्तीसाठी काकांना तीच अक्षरं हवी होती. हातात धरलेल्या पुस्तकावर ६६० ची जाडी आणि उघडी केलेली ‘भ’ची फट मला थोडी बटबटीत वाटते. तिथे जाडी ६०० च्या आसपास आणून ‘भ’ फॉन्टमध्ये आहे तसा ठेवावा, रचना तीच, असं मी सुचवलं आणि दोन्ही फाइली दिल्या. कण्यावर मात्र सगळं वेगळं: तिथे शीर्षक एका ओळीत येतं, शिरोरेषा लांब करायला जागा नाही, आणि वेलांट्यांचे माथे कण्याच्या कडेला लागू नयेत म्हणून अक्षर अपेक्षेपेक्षा लहान घ्यावं लागतं.

दुसऱ्या भागाचं काम आता सुरू झालंय. काकांनी नाव सुचवलंय ‘खाडीचा धनी’. ‘ख’ नीट जोडलेला राहिला नाही तर त्याचा ‘रव’ होतो आणि ‘धनी’चा ‘ध’ फट मिटली की ‘घ’ होतो. मालिकेसाठी फॉन्ट तोच ठेवायचा आहे, पण जाडी आणि रुंदीचे आकडे तेच चालतील असं मी धरून चाललेले नाही. पहिली छोटी प्रत काढली आहे, ६६० वर ‘ध’ थोडा बुजतोय.